कटकटकट

चटणीचा जबडा पहिल्यांदा थरथरताना पाहिला तेव्हा मला वाटलं, तिला फिट येतेय. सकाळचा स्टँडअप कॉल चालू होता. ती खिडकीत बसली होती आणि जाळीपलीकडे एसीच्या आउटडोअर युनिटवर एक कबूतर. चटणीचे ओठ मागे ओढलेले, मिशा पुढे आलेल्या आणि खालचा जबडा भराभर हलतोय. कटकटकट, मध्येच बारीकसं 'म्यॅ'. आईला व्हिडिओ पाठवला तर ती म्हणाली, "अरे, थंडी वाजत असेल तिला." पुण्यात, मे महिन्यात.

डॉक्टरांनी व्हिडिओ पाहून एकच प्रश्न विचारला, "समोर पक्षी नसताना करते का?" नाही. "मग काळजी नको. खाताना जबडा थरथरला, तोंडातून घास पडला किंवा लाळ गळायला लागली तर मात्र लगेच आणा, तेव्हा दात दुखत असण्याची शक्यता असते."

काळजी संपली, कुतूहल उरलं. वाचायला लागलो तर दोन उत्तरं सारखी भेटत होती.

पहिलं चाव्याचं. मांजर लहान शिकार मानेत चावून मारतं. सुळा मानेच्या दोन मणक्यांमधल्या फटीत घुसतो आणि मज्जारज्जू तुटतो. फट सापडेपर्यंत जबडा भराभर हलवावा लागतो, आणि खिडकीतली कटकट म्हणजे तोच चावा, फक्त हवेत. पाउल लायहाउजेन या जर्मन अभ्यासकाने मांजराच्या या मारक चाव्यावर बारकाईने काम केलंय. मी चटणीचा स्लो-मोशन व्हिडिओ काढला, तेव्हा जबडा पूर्ण उघडतच नाही हे दिसलं. नुसती छोटी, घट्ट उघडझाप.

दुसरं उत्तर जास्त फिल्मी आहे: मांजर पक्ष्याची नक्कल करतं. याला आधार म्हणून ब्राझीलची गोष्ट सांगतात. २००५ साली मनाउस शहराजवळच्या डुके अभयारण्यात संशोधक टॅमरिन माकडांची एक टोळी पाहत होते. आठ माकडं झाडावर खात होती, आणि खालच्या वेलींच्या जाळ्यातून टॅमरिनच्या पिल्लासारखा आवाज आला. पहारा देणारं माकड खाली-वर करून बघू लागलं. आणखी चार उतरली. तेवढ्यात मार्गे नावाची ठिपकेदार रानमांजर बाहेर आली. पहारेकरी किंचाळला आणि सगळी पळाली. म्हणजे नक्कल फार जमली नव्हती, शिकारही मिळाली नाही. पण माकडं पळण्याऐवजी बघायला आली, एवढं मात्र झालं.

मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती चटणीवर लावून टाकली. तिथे गाडी अडली. कबूतर घुमतं, चटणी कटकटते; दोन्ही आवाजांत काही साम्य नाही, आणि कबुतरावर ढिम्म परिणाम नाही. शिवाय ती छतावरच्या पालीकडे बघूनही हेच करते. मार्गेची गोष्ट खरी आहे, पण ती एका मार्गेची आहे.

मग एका रात्री पतंग घरात शिरला. जमिनीवर होता तोवर चटणी एकदम गप्प. पोट जमिनीला, मागचे पाय तयार. पतंग उडून ट्यूबलाइटवर बसला. तिने वर पाहिलं, आणि कटकटकट. किडा तोच, मांजर तीच. फक्त हात पोचत नव्हता. माझ्यापुरतं उत्तर तिथे मिळालं: चटणीला दबा धरताना आवाज परवडत नाही. शिकार दिसतेय, अंगात सगळी तयारी झालीय आणि झेप घेता येत नाही, तेव्हा ते जबड्यातून बाहेर पडतं. चाव्याच्या सिद्धांताशी हे भांडत नाही. चावाच तो, अडलेला.

हे नुसतं माहितीपुरतं राहिलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात एक दिवस मी काम करत होतो, कबुतराचं घुमणं चालू होतं, आणि कटकट नव्हती. हे लक्षात यायला अर्धं मिनिट गेलं असेल. मी वळलो. जाळीचा खालचा कोपरा सुटला होता आणि चटणी बाहेर, ओल्या आउटडोअर युनिटवर होती. पोट टेकलेलं, कंबर डावी-उजवीकडे हलतेय. कबूतर हातभर अंतरावर, खाली चार मजले.

हाक मारायची हिंमत झाली नाही. दचकली तर? ओट्यावरचा खाऊचा डबा उचलला आणि खोलीच्या आतूनच हळूच हलवला. एकदा. पुन्हा एकदा. तिचा एक कान मागे वळला. कबूतर उडालं. ती थोडा वेळ तिकडे बघत बसली, मग त्याच कोपऱ्यातून अंग चोरून आत आली.

कोपरा मी त्याच दिवशी तारेने बांधला. संध्याकाळी कबूतर परत आलं आणि खिडकीत कटकट सुरू झाली. मी कॉलवर होतो. म्यूट केलं नाही.