विंचूदंशाच्या औषधाचा हिशेब

लाल विंचवाचे विष अंगात भिनले की रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात आणि हृदयावर ताण येतो. प्राझोसिन हे औषध या वाहिन्या सैल करते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील त्याचा उपयोग १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. लहान मुलांसाठी त्याचा डोस दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम आहे. गोळी मात्र १ मिलिग्रॅमची येते. गडहिंग्लजच्या आसपासच्या रानातून रात्री उचलून आणलेल्या पोरासाठी हा हिशेब तिथल्या तिथे करावा लागतो.

समजा मुलाचे वजन ११ किलो आहे. ११ गुणिले ३० म्हणजे ३३० मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमचा १ मिलिग्रॅम होतो, म्हणून हजाराने भागले की ०.३३ मिलिग्रॅम उरतात. साध्या गोळीचा हा जेमतेम एक तृतीयांश भाग. तेवढा तुकडा हाताने नेमका पडत नाही. त्यापेक्षा गोळीची बारीक पूड करून पाण्यासह एकूण १० मिलिलिटर करावे. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध आहे, म्हणजे ३.३ मिलिलिटर द्यायचे. प्राझोसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते; सिरिंज भरण्यापूर्वी ते चांगले हलवलेच पाहिजे. सावकाश औषध सोडणारी गोळी यासाठी कधीच कुटू नये. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मुलाला झोपवूनच ठेवतात, कडेवर घेऊ देत नाहीत. हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी तोच डोस पुन्हा देतात.

मायक्रोग्रॅमऐवजी चुकून मिलिग्रॅम धरले, तर उत्तर ३३० गोळ्या येते आणि चूक स्वतःच ओरडून सांगते. खरा धोका दशांशचिन्ह एक घर सरकण्यात आहे. मग ३.३ मिलिग्रॅम, म्हणजे तीनेक गोळ्या निघतात आणि हा आकडा कुणालाही खटकत नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण लिहावे, दशांशचिन्हाआधी शून्य द्यावे. एवढ्या लहान मुलाच्या एका डोसला अख्ख्या गोळीहून जास्त लागते असे दिसले, की हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा.

दंशाच्या जागी वेदना असह्य असेल तर लिग्नोकेन टोचतात. त्याच्या बाटलीवर मिलिग्रॅमऐवजी टक्के ठळक असतात. २ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम, अर्थात २००० मिलिग्रॅम. दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. दर किलोला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर या मुलाला जास्तीत जास्त ३३ मिलिग्रॅम, म्हणजे १.६५ मिलिलिटर चालतात. १ टक्क्याच्या द्रावणात तेवढेच औषध ३.३ मिलिलिटरमध्ये असते. प्राझोसिनच्या पाण्याचे मापही ३.३ मिलिलिटरच आले होते, त्यामुळे दोन्ही सिरिंजांवर औषधाचे नाव लिहिणे भागच आहे. शिवाय लिग्नोकेनने कळ थांबते, विषाचा हृदयावरचा परिणाम थांबत नाही. वेदना गेली तरी रक्तदाब आणि हातपायांची ऊब तपासत राहावे लागते.