आप्पांचा दुसरा रकाना

शॉर्टफिल्मचं बजेट कसं करायचं, हे मला आप्पांनी शिकवलं. ते आमच्या साताऱ्याच्या गल्लीत राहायचे. मराठी सिनेमात त्यांनी वर्षानुवर्षं प्रॉडक्शन सांभाळलं होतं. श्रेयनामावलीत त्यांचं नाव असायचं, पण तोवर प्रेक्षक चपला शोधत असायचे. मी बँकेत नोकरी करणारी, संध्याकाळी हौशी नाटकात रमणारी. मला वाटायचं, फिल्म म्हणजे कॅमेरा, बाकी सगळं आपोआप होतं.

माझी पहिली सात मिनिटांची फिल्म मी भाड्याच्या महागड्या कॅमेऱ्यावर केली आणि आवाज त्याच कॅमेऱ्याच्या माइकवर घेतला. चित्र देखणं आलं. संवादांमागे मात्र पंखा, रिक्षा आणि शेजारच्या बाईंचा कुकर होता. डबिंग करायचं तर स्टुडिओचे पैसे हवेत, कलाकार पुन्हा जमायला हवेत आणि तोच सूर पुन्हा लागायला हवा. मी संवाद काढून टाकले आणि वर संगीत चढवलं. आप्पांनी ती फिल्म पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘पोरांना जेवायला काय दिलंस?’ वडापाव, मी म्हणाले. ‘दोन्ही दिवस?’ मी मान हलवली. ‘म्हणूनच दुसऱ्या दिवशीचे सीन घाईत आहेत,’ ते म्हणाले. खरंच होतं ते. दुपारनंतर एकेक जण कामं सांगून निघून गेला होता.

दुसऱ्या फिल्मच्या वेळी मात्र मी आधी त्यांच्याकडे गेले. गोष्ट साधी होती. एक म्हातारा शिंपी दुकान बंद करतो, मशीन घरी आणतो आणि घरात ते ठेवायला जागा नसते. बारा मिनिटांची फिल्म, दोन दिवसांचं शूटिंग, वाईजवळच्या एका गावातला वाडा आणि हातात ६०,००० रुपये. मी बजेट लिहून नेलं होतं. कॅमेरा आणि लेन्स १६,०००, लाइट १०,०००, जनरेटर ९,०००, वाड्याचं भाडं ८,०००, ड्रोन ७,०००, कपडे ६,०००, जेवण २,००० आणि प्रवास २,०००. बेरीज बरोबर साठ हजार. मला तर त्या बेरजेचाच अभिमान होता.

आप्पांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘आता सांग, कशावाचून काम थांबेल?’ मी कॅमेरा म्हणाले. ते म्हणाले, कॅमेरा बिघडला तर वाईतल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोग्राफरकडून दुसरा मिळेल. दोन वाजेपर्यंत पंधरा माणसांना जेवण मिळालं नाही तर काय आणशील? मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. माझ्या मते त्यांची सगळी विद्या त्यातच होती. एखादी गोष्ट चुकली तर ती नंतर घरी बसून दुरुस्त करता येते का? लाइट थोडा कमी पडला तर एडिटला उजळता येतो. भिंत रिकामी दिसली तर फ्रेम आवळता येते. पण वाक्यावरून ट्रॅक्टर गेला की ते वाक्य गेलं. शूट केलेलं कार्ड पुसलं गेलं तर दिवसच गेला. जे नंतर दुरुस्त होत नाही तिथे रोख पैसा घालायचा. बाकी सगळ्यासाठी आधी ओळखी आठवायच्या.

या हिशेबाने कागद बदलला. साउंड रेकॉर्डिस्ट त्याच्या लेपल, बूम आणि रेकॉर्डरसह दोन दिवसांसाठी १२,०००. माझ्या कागदावर ही ओळच नव्हती. दोन हार्ड डिस्क ८,०००. दोन अशासाठी की प्रत्येक कार्ड दोन्हींवर उतरवून, दोन्हीकडे उघडून पाहिल्याशिवाय पुसायचं नाही आणि रात्री त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या घरी जायच्या. जेवण, नाश्ता आणि चहा माणशी दिवसाला २५० धरून ७,५००. प्रवास ६,५००, कारण पुण्याहून येणारे दोन कलाकार आणि सामानाचा टेम्पो मी विसरलेच होते. शेवटच्या साउंड मिक्सला ४,५००. ड्रोन गेला. ‘शिंप्याच्या गोष्टीत आकाशातून कोण बघतंय?’ असं त्यांनी विचारलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जनरेटर मात्र पटकथेतून गेला. रात्रीचा एक सीन होता आणि त्यासाठी अंगण उजळायचं म्हणून जनरेटर. आप्पा म्हणाले, रात्रच हवी की एकटेपणा हवा? मी तो सीन उतरत्या उन्हात, माजघरात नेला. एक खिडकी, तिच्यावर ट्रेसिंग पेपर आणि समोरून उजेड परतवायला पांढरा थर्माकोल. साथीला भाड्याचे दोन एलईडी लाइट ३,०००. घरातला पंधरा अँपिअरचा एक प्लग साधारण तीन किलोवॅट झेपवतो. हे दोन्ही लाइट मिळून त्याच्या पावभरही वीज घेत नव्हते. थर्माकोल, ट्रेसिंग पेपर, चिकटपट्ट्या, दोरी असं किडूकमिडूक १,२०० मध्ये आलं.

उजेडाच्या या जुगाडावरून त्यांना नेहमी फाळके आठवायचे. १९१२ मध्ये दादासाहेब विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि घरात बनू शकत नव्हतं तेवढंच त्यांनी विकत घेतलं : कॅमेरा, कच्ची फिल्म, तिला भोकं पाडायचं यंत्र. बाकी घर होतंच. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या आणि उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवायच्या. भांडवलदारांना पटवायला दादासाहेबांनी जी चित्रफीत केली, तिच्यात कुंडीतल्या बीला कोंब फुटून वेल वाढताना दिसत होता. ‘प्रोमो तो,’ आप्पा म्हणायचे, ‘कलाकार कोण, तर वाटाणा!’

कॅमेऱ्याचे १०,००० झाले ते पंचांगामुळे. आम्ही शूटिंग पौषात धरलं. पौषात आमच्याकडे लग्नं कमी, त्यामुळे लग्नाचा फोटोग्राफर मोकळा असतो. तो कॅमेरा, दोन लेन्स आणि स्वतःसकट आला. पौषाचा तोटाही आप्पांनी आधीच सांगितला होता. दिवस जेमतेम अकरा तासांचा. खिडकीतल्या उजेडावर काम करायचं तर सकाळी सातला सगळे तयार हवेत. फोटोग्राफरला पैसे आणि नटांना फक्त प्रवास नि जेवण, हे मला खटकलं होतं. आप्पांचा नियम सोपा होता. त्या दिवशी दुसरीकडे ज्याची कमाई बुडते त्याला पैसे द्यायचेच. बाकीचे आपल्या प्रेमाखातर येतात, पण तेही दोनच दिवस आणि एकदाच.

उसनवारीचा धडा मला शिवणाच्या मशीनने दिला. बाजारपेठेतल्या एका शिंपीदादांनी त्यांचं मशीन द्यायची तयारी दाखवली आणि मी खूश झाले. आप्पा म्हणाले, ‘अगं, त्याचं दोन दिवसांचं दुकान उसनं घेतेयस तू. त्याचे पैसे होतात.’ मग एका नातेवाइकाच्या माळ्यावर पडून असलेलं पायमशीन शोधलं. पट्टा तुटलेला होता आणि चाक गंजलेलं. नवा पट्टा आणि तेल घातल्यावर ते धडधडायला लागलं. त्याच आवाजावर साउंडवाला खूश झाला. त्याने कॅमेरा बंद ठेवून नुसतं मशीन चालवून घेतलं आणि वाड्यातली नुसती शांतताही मिनिटभर रेकॉर्ड केली. संवाद जोडताना मधल्या फटी त्या शांततेने भरतात.

म्हाताऱ्याचा शर्टही मी उसना घेणार होते. तो मात्र विकत घ्यायला लावला, एकसारखे दोन. कारण एका सीनमध्ये त्याच्यावर चहा सांडतो आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर कोरडा शर्ट हवा. एकापेक्षा जास्त सीनमध्ये दिसणारी वस्तू, मालकाला संध्याकाळी परत हवी असेल, तर उसनी घ्यायचीच नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही तर पहिल्या दिवसाचं कामही वाया जातं. शर्टांचे पैसे किडूकमिडकातच बसले. बाकी सगळ्यांनी आपापल्या घरचे कपडे घातले.

वाडा फुकट मिळाला, तरी आप्पांनी त्यासमोर २,००० लिहिले : वीज, झाडलोट आणि निघताना मालकीणबाईंना साडी. प्रत्येक उसन्या वस्तूचा घेण्याआधी फोटो, कोणाची, कोण परत देणार, कधी, अशी एक वही केली. वाडा बघायला मी रविवारी गेले होते. आप्पांनी मला पुन्हा मंगळवारी पाठवलं, शूटिंगच्याच वेळेला. शेजारी पिठाची गिरणी होती आणि ती दिवसभर चालू होती! गिरणीवाल्यांची साप्ताहिक सुट्टी विचारून घेतली, बोलायचे सगळे सीन त्या दिवशी लावले आणि मुके सीन दुसऱ्या दिवशी. या एका चौकशीला काही खर्च आला नाही. ती केली नसती तर साउंडवाल्याचे बारा हजार पाण्यात गेले असते.

हे सगळं मिळून ५४,७०० झाले. उरलेले ५,३०० मला संगीतावर घालायचे होते. आप्पांनी ते वेगळ्या पाकिटात ठेवायला लावले. दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या वेताच्या खुर्चीवर कोणीतरी उभं राहून थर्माकोल बांधायला गेलं आणि खुर्चीची बैठक फाटली. विणून घ्यायला ९०० रुपये त्याच पाकिटातून गेले. खुर्ची परत केली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, आधीपेक्षा बरी झाली.

आप्पांच्या बजेटमध्ये रोख रकमेशेजारी आणखी एक रकाना असायचा, बाजारभावाचा. वाडा फुकट, पण बाजारात त्याचे किती? एडिट मैत्रिणीच्या संगणकावर, पण एडिटर लावला असता तर किती? नट, मशीन, टेम्पोवाल्या भावाचा वेळ. त्या रकान्याची बेरीज दीड लाखाच्या वर गेली. मला हा उद्योग निरर्थक वाटला होता. खर्चच झालेला नाही तर लिहायचं कशाला?

फिल्म पाहून एका संस्थेने मला तीन मिनिटांचा प्रोमो करायला सांगितलं. मी साठ हजारांत बारा मिनिटं केली होती, म्हणून बेधडक चाळीस हजार सांगणार होते. आप्पा चिडले, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ‘तुझ्या गोष्टीसाठी लोकांनी वाडा दिला. दुसऱ्याच्या जाहिरातीसाठी कोण देईल आणि तू मागशील कोणत्या तोंडाने?’ तेव्हा तो रकाना मला कळला. कोणाकोणाचं किती देणं आपल्या डोक्यावर आहे, त्याचा तो हिशेब होता. पैसे घेऊन केलेल्या कामाचं कोटेशन त्याच रकान्यावरून करायचं असतं. मी पुन्हा बसले आणि सगळ्या ओळी बाजारभावाने लिहिल्या. मैत्रिणीला एडिटचे पैसे धरले, टेम्पोला भाडं धरलं. आणि फिल्मच्या बजेटमध्ये दोन्ही रकान्यांत नसलेली एक ओळ घातली : प्रॉडक्शन मॅनेजर.

आप्पांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि त्या ओळीपुढचा आकडा खोडून मोठा केला. म्हणाले, ‘एवढ्यात माणूस मिळत नाही बाजारात.’