रात्री आठनंतरचं नेट

माझे गणिताचे ऑनलाइन वर्ग रात्री आठला सुरू होतात. गेल्या उन्हाळ्यात त्या वेळेला एक विचित्र त्रास सुरू झाला. मुलांना मी नीट दिसायचे, माझा आवाजही स्वच्छ जायचा, पण त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत तुटत तुटत यायचं. साडेअकरानंतर सगळं पूर्ववत. दुपारी तर काहीच तक्रार नाही.

केबलवाल्याकडे फोन केला की ठरलेलं उत्तर यायचं: "मॅडम, राउटर बंद करून चालू करा, वायफायचा प्रॉब्लेम असेल." म्हणून मी वायफायच बाजूला ठेवलं. लॅपटॉप वायरनं राउटरला जोडला आणि दुपारी एकदा, रात्री नऊला एकदा हा आदेश चालवला:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ घरातल्या राउटरची. ती दोन्ही वेळेला एका मिलिसेकंदाच्या आत होती. दुसरी ओळ केबलवाल्याच्या ऑफिसातल्या यंत्राची. दुपारी तिथे तीन-चार मिलिसेकंद लागत आणि रात्री नव्वदच्या वर. पुढच्या ओळींमध्ये फारशी भर पडत नव्हती. म्हणजे खोळंबा माझं घर आणि त्याचं ऑफिस यांच्या मधेच होता. त्या यंत्राला पिंग लावून ठेवलं तर रात्री शंभरातली दोन-तीन पाकिटं परतच येत नव्हती.

स्पीड टेस्ट मात्र तेव्हाही पन्नास-साठ एमबीपीएस दाखवायची आणि केबलवाला तिच्यावरच बोट ठेवायचा. ही चाचणी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, त्यामुळे गर्दीतही जास्त वाटा खेचून घेते. यूट्यूबही चालायचं, कारण ते काही सेकंदांचा साठा पुढे करून ठेवतं आणि लागलं तर चित्राचा दर्जा उतरवतं. समोरासमोरच्या संभाषणाला अशी उसंत नसते. मुलांना माझा आवाज नीट जायचा, कारण संध्याकाळी घराघरांत सगळे बघत असतात, पाठवत फार कमी असतात. येणारी बाजू तुंबली होती आणि जाणारी मोकळी होती.

कागदावर मांडलेले हे आकडे घेऊन मी ऑफिसात गेले. तिथल्या तंत्रज्ञानं ते शांतपणे वाचले आणि खरं काय ते सांगितलं. आमच्या भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ओएलटी आहे. त्याला चार पोर्ट. प्रत्येक पोर्टमधून एक फायबर निघते आणि स्प्लिटरनं चौसष्ट घरांत वाटली जाते. एका पोर्टवर सुमारे एक गिगाबिट, म्हणजे चारांवर मिळून चार गिगाबिट वाटता येतात. पण ओएलटीपासून ऑफिसापर्यंतची लाइन एकच, आणि तीही एका गिगाबिटची! दोनशे छप्पन्न घरं त्या एका लाइनवर.

प्रत्येकाला शंभर एमबीपीएसचा प्लॅन विकलेला. बेरीज केली तर लाइनच्या पंचवीसपट भरते. एवढ्यानं मी चिडले नाही, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत आणि वाटून घेतल्याशिवाय इतक्या कमी पैशांत नेट मिळणारही नाही. त्याच्या अंदाजानं संध्याकाळी घरटी सरासरी तीन एमबीपीएस लागतात, म्हणजे साडेसातशेच्या आसपास. तेवढं बसतं. पण आयपीएलचा सामना असला आणि दीडशे घरांत सहा-सात एमबीपीएसचं प्रक्षेपण लागलं की नऊशे-हजार तिथेच संपतात. मग प्रत्येक पाकीट रांगेत थांबतं आणि रांग भरली की टाकून दिलं जातं.

राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. त्या लाइनचा आलेख त्याच्या संगणकावर रोज दिसत होता. रोज रात्री तो वर जाऊन सपाट व्हायचा, आणि तरीही नव्या जोडण्या देणं चालूच होतं. टीआरएआयच्या 2006 च्या नियमांत गर्दीच्या वेळी लाइनचा वापर ऐंशी टक्क्यांखाली राहावा असा निकष होता. आलेखाचा माथा सपाट दिसणं म्हणजे ती मर्यादा कधीच ओलांडलेली.

शेजारच्या गल्लीतल्या वहिनी वेगळ्या पोर्टवर आहेत, त्यांनाही त्याच वेळी त्रास होत होता. नाल्यापलीकडे, दुसऱ्या ओएलटीवर, याच कंपनीचं नेट उत्तम चालत होतं. म्हणून दोष एका पोर्टचा नाही आणि कंपनीच्या मुख्य बँडविड्थचाही नाही, हे तिथेच नक्की झालं. आम्ही काही घरांनी मिळून लेखी तक्रार दिली, सोबत माझे आकडे जोडले.

महिन्याभरानं त्यांनी फायबरची दुसरी मोकळी जोडी वापरली आणि दोन गिगाबिट लाइनी एकत्र बांधल्या. रात्री दुसऱ्या ओळीवर आता पाच-सहा मिलिसेकंद दिसतात, मुलांचे प्रश्न पूर्ण ऐकू येतात. मोठ्या सामन्याच्या दिवशी मात्र तिसरी ओळ वाढायला लागली आहे. ती कंपनीनं वरून विकत घेतलेल्या बँडविड्थची बाजू. तिथे नुसती जोडी बांधून भागत नाही, दरमहा जास्त पैसे मोजावे लागतात. नवी तक्रार मी त्याबद्दलच लिहिली आहे.