शुक्रवारचं गिऱ्हाईक आणि रविवारची बैठक

गडचिरोलीत माझं दुकान सरकारी ऑफिसांच्या वाटेवर आहे. तांदूळ, मध, चारोळी, डिंक, हिरडा-बेहडा आणि बचत गटाच्या बायांनी केलेले मोहफुलाचे लाडू असा माल. गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त नोकरीवालं, त्यातही बदलीवर आलेलं. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि आमच्या धंद्याचं वेळापत्रकच बदललं. शुक्रवारी सव्वासहाला ऑफिसं सुटली की ही मंडळी नागपूरच्या, चंद्रपूरच्या गाडीकडे धावतात, आणि जाता जाता घरी न्यायला काहीतरी उचलतात. शनिवार-रविवार हा रस्ता ओस पडतो. म्हणून मीही शनिवारी दुपारनंतर शटर ओढतो. मला मोकळा वेळ मिळतो तो एवढाच.

दुकानाचं फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम काढून दिलं भाचीनं. ती इथेच गोंडवाना विद्यापीठात शिकते. रोज काहीतरी टाकत जा, असं तिचं सांगणं होतं. पण सोमवार ते शुक्रवार गल्ला, तराजू आणि पुड्या बांधणं सोडून मला मान वर करता येत नाही. मग ठरलं, महिन्यातला एक रविवार यालाच द्यायचा आणि पुढच्या चार आठवड्यांचं सगळं एका बैठकीत लावून मोकळं व्हायचं.

एप्रिल 2025 मधली बैठक सांगतो, कारण तिच्यात सगळंच आलं. 27 एप्रिलचा रविवार. भाची सकाळी सातला हजर. फोटो आधी काढायचे, लिखाण नंतर, असं तिला वाटत होतं. मी उलटं धरलं. काय सांगायचं ते ठरल्याशिवाय फोटो काढले की तीस फोटो निघतात आणि त्यातले चारच कामाचे असतात. म्हणून जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर आदल्या रात्रीच बारा विषय लिहून ठेवले होते. आठवड्याला तीन, चार आठवडे. सोमवारी वापराची माहिती: डिंक कसा तळायचा, नव्या आणि जुन्या तांदळाला पाणी किती. रविवारी माल कुठून, कोणाकडून येतो ते. आणि गुरुवारी संध्याकाळी, आठच्या सुमाराला, खरी विक्रीची पोस्ट. गुरुवारीच का, तर शुक्रवारी सकाळी माणूस बॅग भरतानाच यादी करतो. शुक्रवारी दुपारी टाकलेली पोस्ट त्याला गाडीत बसल्यावर दिसते. मग तो मेसेज करतो, "पुढच्या वेळी घेतो." ती पुढची वेळ बहुतेक येत नाही.

फोटो काढायला मे महिन्याच्या तोंडावर इथे सकाळचे दोनच तास मिळतात. नऊनंतरचं ऊन इतकं पांढरं पडतं की मधाच्या बाटलीत नुसता चकाकणारा डाग दिसतो. दारात पाट ठेवला, त्यावर सूप आणि सुपात चारोळी. एकेका वस्तूचे तीन फोटो काढायचे: पूर्ण वस्तू, हातात घेतलेली आणि अगदी जवळून. प्रत्येक वस्तूला खालचं कापड मात्र बदलायचं. नाही तर महिनाभर बघणाऱ्याला कळतं की हे सगळं एकाच सकाळी उरकलेलं आहे. भाचीचा हात दर फोटोत दिसायला लागला तसा तिनं स्वतःच बांगड्या काढल्या. चौथ्या आठवड्याच्या फोटोंना शेजारच्या काकूंना बोलावलं. मध उजेडासमोर धरून काढला. उजेड आरपार येतो तेव्हाच त्याचा खरा रंग दिसतो.

पण जंगलाचा माल आपल्या रविवारची वाट बघत नाही. मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटपून जातं. एप्रिलअखेर झाडाखालचा फोटो काढू म्हटलं तर तिथे काहीच नसतं. म्हणून माल आणायला जातो तेव्हाच फोनवर काढून ठेवतो आणि महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. त्यात चारोळीचा एक व्हिडिओ होता. धानोऱ्याकडच्या एका बाईनं चारं, म्हणजे काळपट पिकलेली फळं, भिजवून हातानं चोळली, साल काढली, बिया वाळवल्या आणि मग जात्यात हलक्या हातानं भरडल्या. जात्याचा दाब जरा वाढला तर गर फुटतो आणि तुकड्याला भाव मिळत नाही. घमेलंभर चारांतून शेवटी ओंजळीएवढी चारोळी हाती येते. चारोळी महाग का, हे मला काउंटरवर दिवसातून दहादा सांगावं लागतं. त्या व्हिडिओनं ते एका मिनिटात सांगितलं असतं. तो मी 15 मेच्या गुरुवारी लावला, आणि 11 मेच्या रविवारी ती बाई व तिची जाऊ जंगलातून टोपलं घेऊन येतानाचा फोटो.

लिखाणात एकच नियम पाळतो. ज्याची मुदत संपते ते आधी लावून ठेवायचं नाही. चारोळीचा, मधाचा भाव आठवड्यात फिरतो. फोटोवर भाव छापला तर तो इन्स्टाग्रामवर नंतर बदलता येत नाही, फोटो काढून टाकून पोस्ट पुन्हा करावी लागते. खालचा मजकूर मात्र दुरुस्त करता येतो. पण "भावासाठी मेसेज करा" असं लिहिलं की लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून भाव आणि शिल्लक माल या दोन गोष्टी व्हॉट्सॲप स्टेटसला हातानं टाकतो. स्टेटस असंही चोवीस तासांत जातं, आणि त्या ॲपमध्ये ते आधीपासून लावून ठेवायची सोयच नाही. गुरुवारी दुकान बंद करताना दोन मिनिटं लागतात, कारण फोटो आधीच अल्बममध्ये क्रमानं ठेवलेले असतात. आकडा फक्त त्या दिवशीचा लिहायचा. ब्रॉडकास्ट लिस्टही आहे. तिच्यात 256 नंबर मावतात, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केला असेल त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून पुडी हातात देताना म्हणतो, "साहेब, नंबर तेवढा सेव्ह करून ठेवा जी." महिन्याच्या बारा पोस्टींपेक्षा या एका वाक्यानं जास्त काम केलं असेल.

औषधी गुणांबद्दल भाचीनं उत्साहानं बरंच लिहिलं होतं. मधानं हे बरं होतं, हिरड्यानं ते. सगळं खोडलं. असल्या जाहिरातींविरुद्ध 1954 चा कायदा आहे. आणि समोर जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर गिऱ्हाईक असताना असं काही लिहिण्याची हिंमतही होत नाही.

दुपारी जेवण झाल्यावर कूलरसमोर बसून पोस्ट लावल्या. मेटा बिझनेस सूटमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे एकदमच लागतं. मजकूर, फोटो, तारीख, वेळ, मग `Schedule`. फार लांबची तारीख ते घेत नाही, म्हणून आमची बैठक चार आठवड्यांचीच. फसगत होते ती वेळेत. रात्रीच्या आठऐवजी सकाळचे आठ राहून जातात. म्हणून सगळ्या लावून झाल्यावर `Planner` मध्ये महिन्याचं पान उघडून एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं बिलबुकावर टिक करायची. एकदा लावलं की आपल्या फोनला रेंज असो-नसो, वीज असो-नसो, पोस्ट ठरल्या वेळी जाते. वादळी पावसात अर्धा दिवस नेटवर्क गेलं तरी गुरुवारची पोस्ट चुकत नाही, हा इथे मोठाच फायदा. मात्र पासवर्ड बदलला आणि इन्स्टाग्राम पेजपासून सुटलं, तर पोस्ट गुपचूप अडकते. फोनवर काही कळत नाही. म्हणून पासवर्डला हात लावला की त्याच दिवशी `Planner` उघडून बघायचं.

आपण काउंटरवर असतानाही पोस्ट आपोआप जाते, यातच एक धोकाही आहे. 10 मे 2025, शनिवार. सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. वाघिणीनं तिघींनाही मारलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या सगळ्या ग्रुपवर आली. सिंदेवाही चंद्रपूर जिल्ह्यात, पण इथून लांब नाही, आणि इथल्याही घराघरातून बाया त्याच कामाला जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पेजवर काय जाणार होतं? डोक्यावर टोपलं घेऊन हसत जंगलातून येणाऱ्या दोन बाया, आणि खाली "जंगलाची भेट तुमच्या घरी."

भाचीचा फोन आला, "मामा, उद्याची पाहिली का?" मी लॅपटॉप उघडूनच बसलो होतो. सगळ्या पोस्टी एकदम थांबवायचं बटण मला तिथे सापडलं नाही. एकेक उघडून `Drafts` मध्ये टाकावी लागली. पुढच्या आठवड्यातलं जंगलाशी संबंधित सगळं काढलं, चारोळीचा व्हिडिओही. डिंकाची आणि तांदळाची पोस्ट ठेवली. श्रद्धांजलीचं काहीतरी टाकावं का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं. खाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर असलेली श्रद्धांजली मला जाहिरातच वाटते. 12 तारखेला बुद्ध पौर्णिमा होती. त्या रात्री ताडोब्यात मचाणावर बसून प्राणी मोजण्याचा कार्यक्रम असतो, म्हणून त्यावर एक हलकीफुलकी पोस्ट लावली होती. तीही काढली.

तेव्हापासून बैठकीत एक रकाना वाढला आहे. प्रत्येक पोस्टीपुढे लिहितो: जंगल, माणूस, वस्तू. वाईट बातमी आली की पहिल्या दोन रकान्यांतलं लगेच काढायचं. विचार करत बसायची गरज पडत नाही. आणि बारापैकी दोन जागा मुद्दाम कोऱ्या ठेवतो. पुढच्याच बैठकीनंतर त्या दोन्ही भरल्या. एक अचानक आलेल्या जांभळांनी, दुसरी लाडू संपल्याच्या सूचनेनं.

चारोळीच्या व्हिडिओचं काय करायचं ते ठरत नव्हतं. जूनच्या सुरुवातीला ती धानोऱ्याकडची बाई माल घेऊन आली तेव्हा तिलाच दाखवला. म्हटलं, सध्या टाकलेला नाही, असं असं झालं. तिनं पदरानं घाम पुसत पुसत पूर्ण बघितला, स्वतःचे हात बघून हसली आणि म्हणाली, "टाका ना जी. माल त विकाच लागंल." मग जंगलाचा सुरुवातीचा तुकडा काढून फक्त जात्यापासूनचा भाग ठेवला आणि गुरुवारी रात्री आठला लावला. शुक्रवारी साडेसहाला ट्रेझरीतले एक साहेब दुकानात आले. पहिल्यांदाच त्यांनी भावावरून वाद घातला नाही. पावशेर मागितली.