डिजिटल रुपया, बचत खातं आणि फळ्यावरची एक बँक



अकरावी-बारावीला वाणिज्य शाखेत अर्थशास्त्र शिकवताना 'पैसा' आणि 'पतनिर्मिती' हे दोन भाग आले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, डिजिटल रुपया म्हणजे जीपेच ना?" मुलं उपनगरातली. वडापावपासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत सगळे व्यवहार फोनवर करणारी. त्यांना फरक दिसत नाही, कारण फोनच्या पडद्यावर तो खरंच दिसत नाही. आकडा तोच, स्कॅन करायचा चौकोनही तोच. फरक असतो तो पैसे कोण देणं लागतं यात.

आपल्या बचत खात्यात ५०,००० रुपये आहेत याचा अर्थ बँकेने ते आपल्या नावाने कपाटात ठेवलेत असा नव्हे. बँक आपल्याला ५०,००० रुपये देणं लागते, एवढाच त्याचा अर्थ. यूपीआयने आपण हे 'देणं' एका बँकेच्या वहीतून दुसऱ्या बँकेच्या वहीत हलवतो. पाचशेची नोट मात्र रिझर्व्ह बँकेचं देणं असते. १ डिसेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने किरकोळ व्यवहारांसाठी जो डिजिटल रुपया प्रायोगिक स्वरूपात आणला (पहिल्या चार शहरांत आपली मुंबई होती), तो या नोटेचा भाऊ आहे. त्याचं वॉलेट बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतं, पण त्यातला पैसा बँकेच्या ताळेबंदात नसतो. तो थेट रिझर्व्ह बँकेचं देणं असतो. त्यावर व्याज मिळत नाही, जसं पाकिटातल्या नोटेवर मिळत नाही.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर अंधेरीची आठवण काढावी. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना पैसे काढायची बंदी झाली. दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर लोक जमले. खात्यावरचा आकडा तसाच होता, फक्त तो वापरता येत नव्हता. दोन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीपासून, प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंत काढायला परवानगी मिळाली. पुढे ४ ऑगस्ट २०२५ पासून ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत हेच झालं होतं. तिथे सुरुवातीची मर्यादा होती फक्त १,००० रुपये. या दोन्ही वेळी ज्याच्या हातात नोटा होत्या, त्याच्या नोटांना काहीच झालं नाही. वॉलेटमधल्या डिजिटल रुपयाचंही तसंच असतं.

मग वर्गातला हुशार मुलगा लगेच विचारतो, "असं आहे तर सगळ्यांनी बचत खातं रिकामं करून डिजिटल रुपयातच पैसे का ठेवू नयेत?" खरा धडा इथून सुरू होतो, आणि त्यासाठी मी फळ्यावर एक बँक काढतो.

पण त्याआधी एक गोष्ट सरळ करून घ्यावी लागते. मुलांच्या डोक्यात चित्र असतं की लोक ठेवी आणतात, बँक थोडे पैसे बाजूला ठेवते आणि उरलेले कर्जाऊ देते. प्रत्यक्षात क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. घाटकोपरच्या एका दुकानदाराला बँकेने १ लाखाचं कर्ज मंजूर केलं, की बँक वहीत दोन नोंदी करते. एका बाजूला 'दुकानदाराकडून येणं १ लाख' आणि दुसऱ्या बाजूला 'दुकानदाराच्या खात्यात ठेव १ लाख'. कोणाच्याही खात्यातून एक पैसा कमी झाला नाही, तरी १ लाख रुपये नव्याने तयार झाले. पतनिर्मिती म्हणतात ती हीच.

मग बँकेला लगाम कशाचा? दुकानदार ते पैसे खर्च करतो तेव्हा लगाम कळतो. त्याने मुलुंडच्या घाऊक व्यापाऱ्याला पैसे दिले आणि व्यापाऱ्याचं खातं त्याच बँकेत असेल, तर नुसती नावं बदलतात. व्यापाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत असेल, तर पहिल्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यातून तेवढी रक्कम दुसरीला द्यावी लागते. एकीचं गेलं ते दुसरीला मिळालं. बँकांच्या गोतावळ्यातून काही बाहेर गेलं नाही. पण कोणी ठेव मोडून नोटा काढल्या किंवा डिजिटल रुपया घेतला, तर ती रक्कम त्या गोतावळ्यातूनच बाहेर पडते. लोकांकडचा एकूण पैसा त्या क्षणी तेवढाच राहतो, ठेव कमी आणि चलन जास्त. पण बँकेचं रिझर्व्ह बँकेतलं खातं मात्र आटतं.

आता फळ्यावरची बँक. हिशेब सोपा राहावा म्हणून भांडवल आणि शाखांमधली रोकड सोडून देऊ. ठेवी १०० कोटी. त्यासमोर कर्जं ७० कोटी, सरकारी रोखे २४ कोटी आणि रिझर्व्ह बँकेत शिल्लक ६ कोटी. नियम दोन. ठेवींच्या ३ टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवायची, हे रोख राखीव प्रमाण. (२०२५ च्या अखेरीस ते टप्प्याटप्प्याने ४ वरून ३ टक्क्यांवर आलं.) आणि १८ टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचे, हे वैधानिक रोखता प्रमाण.

पहिली पायरी: ठेवीदारांनी ५ कोटी रुपये डिजिटल रुपयात नेले. ठेवी ९५ कोटी झाल्या आणि रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ६ वरून १ कोटीवर आली. ९५ कोटींवर ३ टक्के म्हणजे २.८५ कोटी हवेत. १.८५ कोटी कमी पडले. बँक काय करेल? रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून तेवढे उसने घेईल. ९५ कोटींवर १८ टक्के म्हणजे १७.१० कोटींचे रोखे अडकलेले आहेत. २४ पैकी ६.९० कोटींचे मोकळे आहेत. म्हणजे काम भागलं. कर्जं तशीच राहिली, कोणाचंही दुकान बंद पडलं नाही. 'डिजिटल रुपया आला की बँका कर्जच देऊ शकणार नाहीत' असं जे ऐकू येतं, ते इथे खोटं ठरतं.

पण हा बदल फुकट होत नाही. जून २०२५ चे दर घ्या. बऱ्याच मोठ्या बँका बचत खात्यावर अडीच टक्के देत होत्या आणि रिझर्व्ह बँकेचा रेपो दर साडेपाच टक्के होता. स्वस्त ठेवीच्या जागी महाग उसनवारी आली, शंभरामागे ३ रुपये जादा. १.८५ कोटींवर हे वर्षाला साडेपाच लाखांच्या वर जातं. बँक ते आपल्या नफ्यातून सोसेल, नाहीतर दुकानदाराच्या कर्जाचं व्याज वाढवेल. रिझर्व्ह बँकेकडे न जाता जादा व्याज देऊन मुदत ठेवी ओढल्या, तरी खर्च वाढतोच. बचत खात्यात पैसे पडून असतात म्हणून बँकेला ते स्वस्तात मिळतात. ते निघून गेले तर फटका आधी कर्जाच्या दराला बसतो.

दुसरी पायरी: ५ ऐवजी १५ कोटी गेले. ठेवी ८५ कोटी. रिझर्व्ह बँकेतले ६ कोटी संपले, वर ९ कोटींचा खड्डा. शिवाय ८५ कोटींवर ३ टक्के, म्हणजे २.५५ कोटी हवेतच. एकूण गरज ११.५५ कोटी. मोकळे रोखे? ८५ कोटींवर १८ टक्के म्हणजे १५.३० कोटी अडकले, उरले ८.७० कोटी. आता मात्र गणित जुळत नाही. बँकेला दुसऱ्या बँकांकडे हात पसरावा लागेल, कर्जं विकावी लागतील किंवा नवी कर्जं थांबवून जुनी वसूल करत बसावं लागेल. फेडलेलं कर्ज नव्याने दिलं नाही, की तयार झालेला पैसा पुसला जातो. पतनिर्मितीची गाडी उलटी फिरते ती अशी.

दोन्ही पायऱ्यांत पैसा एकाच प्रकारचा गेला. फरक किती गेला आणि किती वेळात गेला, याचा. ५ कोटी वर्षभरात गेले तर बँक सावरते. १५ कोटी एका रात्रीत गेले तर चांगली बँकसुद्धा अडकते, कारण तिची कर्जं उद्या सकाळी परत येणारी नसतात. नोटांच्या जमान्यात शाखेची वेळ, एटीएमची मर्यादा आणि समोरची रांग यांमुळे थोडा वेळ मिळायचा. यूपीआयने पैसा जलद झाला, पण तो एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातो. डिजिटल रुपयात रात्री दोन वाजता, एका अफवेवर, अख्खा गोतावळा सोडून बाहेर पडता येतं. प्रत्येक ठेवीदार आपल्यापुरता शहाणाच वागेल, आणि तरी सगळ्यांचं मिळून नुकसान होईल.

म्हणूनच डिजिटल रुपयावर व्याज नाही आणि वॉलेटमध्ये किती ठेवायचं याला मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पना टिपणात रिझर्व्ह बँकेने व्याज न देण्यामागे हाच विचार मांडला होता. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०२३ च्या प्रस्तावात माणशी १० ते २० हजार पौंडांची मर्यादा सुचवली, तीही याच भीतीने.

सध्या प्रमाण किती, हेही मुलांना सांगावं. मार्च २०२५ अखेर डिजिटल रुपया होता १,०१६ कोटींचा. शंभर रुपयांच्या कागदी नोटांमागे तीन पैशांहूनही कमी. बँकांच्या ठेवी दोनशे लाख कोटींच्या पुढे आहेत. आज ठेवींना धक्का लागलेला नाही. पुढे लागला तर ओळखायचं कसं? डिजिटल रुपया वाढतोय एवढ्यावरून नाही. तो वाढला आणि तेवढ्याच नोटा कमी झाल्या, तर फक्त कागद जाऊन फोन आला. बँकांच्या ठेवींना काही झालं नाही. तो वाढला, नोटा तेवढ्याच राहिल्या आणि बचत खात्यांतली रक्कम घटली, तर मात्र वरची दुसरी पायरी आठवावी.

वर्गात घेणार असाल तर आकडे तेच ठेवा आणि मुलांना शोधायला सांगा: किती कोटी गेले की मोकळे रोखे बरोबर संपतात? गेलेली रक्कम 'क्ष' धरली तर एका ओळीचं समीकरण होतं. उत्तर १५ कोटींच्या अलीकडे, साधारण ११.४ कोटींना येतं. पालकांसाठी त्याच हिशेबातली एक गोष्ट: ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला, व्याज धरून, विमा आहे. वॉलेटमधल्या डिजिटल रुपयाला असा विमा लागत नाही, पण फोन आणि पिन सांभाळायची जबाबदारी मात्र पाकिटासारखी आपलीच.