सत्तावीस वर्षांनी धाकटे झालेले पुस्तक

विठ्ठलाच्या उगमावर निबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वाचनयादीत आरंभी सगळी पाश्चात्त्य नावे होती. पुढे तिने रा. चिं. ढेरे यांचे नाव जोडले आणि तळटीप लिहिली : ‘ढेरे २०११’. तिच्या वर ‘सोन्थायमर १९८९’ होते.

या दोन आकड्यांवरून वाचकाचा समज काय होईल? जर्मन अभ्यासकाने पशुपालकांच्या दैवतांची वाट दाखवली आणि बावीस वर्षांनी एक मराठी लेखक त्या वाटेने गेला!

वस्तुतः २०११ हे अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या इंग्रजी अनुवादाचे वर्ष. विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधणारा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ मराठीत १९८४ सालीच प्रसिद्ध झाला होता. १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला.

मात्र न्याय एकतर्फी नसावा. सोन्थायमर यांचा ग्रंथही मूळ जर्मनमध्ये १९७६ चा. १९८९ हे त्याच्या इंग्रजी अनुवादाचे वर्ष, आणि अनुवादक पुन्हा फेल्डहाउसच. म्हणजे सोन्थायमर आधीचे खरेच. पण अंतर बावीस वर्षांचे नव्हे, आठांचे. दोघे समकालीन ठरतात.

तिने तळटीप बदलली : ‘ढेरे १९८४, इंग्रजी अनुवाद फेल्डहाउस २०११’. पृष्ठांक अनुवादाचेच ठेवले, कारण तिने वाचला होता तो अनुवाद. मग ती ग्रंथालयात मराठी प्रत मागायला गेली.