स्लीपर की थ्री एसी? पोलादपूर ते कोची, वहीतला हिशोब

‘ताई, एसीच करूया ना, एकदाच तर जायचंय!’ माझा आतेभाऊ म्हणाला, तेव्हा आम्ही पोलादपूरच्या एसटी स्टँडवर चहा पीत होतो. महाडच्या एमआयडीसीत तीन वर्षं काढून त्याला कोचीतल्या एका केमिकल कंपनीत नोकरी मिळाली होती. आत्याने मला ‘त्याला सोडून ये’ म्हणून सोबत पाठवलं होतं. पण बॉस, एकदाच कुठे? वर्षातून चार वेळा घरी यायचं म्हणजे जाऊन-येऊन आठ प्रवास. कोचीतली खोली, मेस, घरी पाठवायचे पैसे हे सगळं पहिल्या पगारात बसवायचं होतं. म्हणून आम्ही एक डील केलं. जाताना दोघं स्लीपरने, येताना मी एकटी थ्री एसीने, आणि प्रत्येक रुपया वहीत.

आधी गाडी कुठे धरायची ते ठरवलं. महाडकरांचं स्टेशन म्हणजे वीर, पण केरळला जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस तिथे थांबत नाही. सवयीने सगळे पनवेलला जातात, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर उलटं जायचं आणि मग तीच गाडी आपल्याला घेऊन वीरवरून धडधडत पुढे निघणार! त्यापेक्षा कशेडीचा बोगदा पार करून चिपळूण गाठलेलं बरं. यात फक्त वेळच वाचतो असं नाही. कोकण रेल्वेच्या मार्गावर प्रवासी भाडं प्रत्यक्ष अंतराला 40 टक्के जास्त धरून आकारतात. त्यामुळे या मार्गावरचा प्रत्येक किलोमीटर महाग पडतो, आणि जितका वरचा क्लास तितका जास्त महाग. चिपळूणला चढलं की पनवेल ते चिपळूण हा सगळा तुकडा तिकिटातून गळतो. शिवाय एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तो माझा बोनस.

आता तिकीट. चिपळूण ते एर्नाकुलम स्लीपरला साधारण 570 रुपये आणि थ्री एसीला साधारण 1,530. 2025 मध्ये जुलैत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये भाडी थोडी वाढली, त्यामुळे बुक करताना ताजा आकडा बघाच. पण दोन्हींमधलं नातं फारसं बदलत नाही. थ्री एसी म्हणजे स्लीपरच्या अडीच ते पावणेतीन पट. ऑनलाइन बुकिंगचं शुल्कही वेगळं आहे. यूपीआयने पैसे भरले तर स्लीपरला 10 आणि एसीला 20 रुपये, वर जीएसटी, म्हणजे साधारण 12 आणि 24. तिकिटांतला फरक झाला 960 रुपये.

‘पण एसीत अंथरूण फुकट मिळतं ना!’ हे भावाचं पहिलं आर्ग्युमेंट. खरं आहे. दोन चादरी, उशी, ब्लँकेट हे सगळं एसीच्या भाड्यातच येतं. स्लीपरमध्ये आपलं आपण बघायचं. आम्ही त्याच्यासाठी एक सोलापुरी चादर आणि हवेची उशी घेतली, दोन्ही मिळून 600 रुपये. पण ही वस्तू एका प्रवासाची नाही. आठ प्रवासांत वाटली की प्रवासामागे 75 रुपये पडतात, आणि दुसऱ्या वर्षी शून्य. खरी किंमत आहे ती बॅगेतल्या जागेची आणि दीड-दोन किलो वजनाची. आणि घरी विसरलात तर भुर्दंड वेगळा. मी माझी शाल आत्याकडे विसरले होते. मडगाव सोडल्यावर खिडकीच्या फटीतून असा वारा यायला लागला की जानेवारीतसुद्धा ओढणी डोक्यावरून घेऊन बसले. भाऊ चादरीत घोरत होता!

दुसरं आर्ग्युमेंट जेवणाचं, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. राजधानीसारख्या गाड्यांत भाड्यात जेवण धरता येतं. नेत्रावतीसारख्या साध्या एक्स्प्रेसमध्ये कुठल्याच क्लासला ते मिळत नाही. स्लीपर असो वा एसी, पॅन्ट्रीचे दर तेच. व्हेज थाळी 80 रुपये, व्हेज नाश्ता 40, चहा 10, पाण्याची एक लिटरची बाटली 14. फक्त एक सांभाळा. थाळी मागितली की ‘थाळी नाही, बिर्याणी आहे’ असं ऐकू येऊ शकतं आणि बिल फुगतं. आधी दर विचारा, मग डबा हातात घ्या आणि बिल मागा.

फरक पडतो तो तहानेत. स्लीपरमध्ये उघड्या खिडकीशी बसून आम्ही माणशी तीन बाटल्या पाणी प्यायलो आणि चार चहा. स्टेशन आलं की चहावाला थेट खिडकीत, मग मोह कसा आवरणार? एसीत काच बंद. दोन बाटल्या आणि दोन चहांत माझा प्रवास झाला. रात्रीची थाळी आणि सकाळचा नाश्ता दोन्हीकडे सारखा. स्लीपरचा खर्च 202, एसीचा 168. उलट कोळिकोडला गरमागरम पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, खिडकीतून घ्यायची मजा एसीत नाही. तिथे उठून दारापर्यंत पळायचं.

आता बेरीज. स्लीपर: तिकीट 570, शुल्क 12, अंथरूण 75, खाणंपिणं 202. एकूण 859. थ्री एसी: 1,530, 24, शून्य, 168. एकूण 1,722. म्हणजे अंथरूण ‘फुकट’ आणि पाणी कमी धरूनसुद्धा 960 चा फरक 863 वर आला, बस्स. एसीचा खर्च जेवण-अंथरुणातून वसूल होतो, हा फंडा इथे चालत नाही. आत्याच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असेल तर रात्रीची थाळी दोन्हीकडून वजा होते, फरक तेवढाच राहतो.

मग एसीत हे जास्तीचे 863 रुपये कशाचे? झोपेचे. येताना मंगळुरूच्या आधीच दिवे मालवले, पडदे ओढले गेले, आणि मला जाग आली ती उजाडल्यावर. स्लीपरमध्ये रात्रभर दारांची ये-जा, फेरीवाले, आणि दिवसा रिझर्वेशन नसलेले ‘जरा सरका ना’ म्हणणारे. गाडी एर्नाकुलमला दुपारी पोचते. संध्याकाळी खोलीवर झोप काढून दुसऱ्या दिवशी शिफ्टला जायचं असेल तर ही झोप विकत घ्यायची गरज नाही. एप्रिल-मेची गोष्ट वेगळी. कोकण-केरळच्या दमट उन्हाळ्यात पंख्याखाली वीस तास काढले की दुसरा दिवसही वाया जातो. पावसाळ्यात गाड्या हळू चालतात आणि खिडक्या लावून घ्याव्या लागतात, पण हवा गार असते. तेव्हा स्लीपर निभतं.

परत आल्यावर भावाला फोनवर वही वाचून दाखवली. आठही प्रवास एसीने केले तर 13,776. सगळे स्लीपरने केले तर 6,872. मेमधलं जाणं-येणं एसीने आणि बाकी सहा स्लीपरने, तर 8,598.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘ताई, मेचं एसी बुक करतो. आणि उरलेल्या पाच हजारांत एकदा आईला इकडे आणतो. तिला खालचा बर्थ, तोही एसीत.’

मी वहीत एक नवीन ओळ लिहिली: आत्या, 1,722.